शोधनिकालांवरून शीर्षकाचा रोख ठरवणे

नवा लेख लिहिण्याआधी त्याच विषयावर गूगलच्या पहिल्या पानावर आज कोणते लेख आहेत आणि ते कोणत्या वाचकाला काय देऊ करतात, हे पाहून आपल्या शीर्षकाचा रोख ठरवण्याची संपादकीय पद्धत. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये शोधामागचे तीन हेतू मांडले : माहिती मिळवणे, ठरावीक संकेतस्थळी पोचणे आणि एखादे काम उरकणे. यांपैकी कोणता हेतू प्रबळ आहे, याचा अंदाज निकालांवरून येतो.

‘सातबारा’ हा शब्द घ्या. तो शोधणाऱ्या बहुतेकांना उताराच हवा असतो. त्यामुळे सरकारी संकेतस्थळ आणि ‘ऑनलाइन सातबारा कसा काढायचा’ छापाचे लेख वर असतील, तर तेच शीर्षक घेऊन आणखी एक लेख लिहिण्यात फारसा अर्थ नाही. उतारा काही त्या लेखातून मिळणार नसतो. आता ‘सातबारा कसा वाचायचा’ असा शोध घेऊन दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. तीच पाने पुन्हा आली, तर गूगलच्या लेखी दोन्ही गरजा एकच आहेत. पाने बरीचशी वेगळी निघाली, तर स्वतंत्र लेखाला वाव आहे.

दुसऱ्या यादीतली शीर्षके कागदावर उतरवून प्रत्येकापुढे त्याचा वाचक कोण, हे लिहावे. समजा, सगळीकडे ‘संपूर्ण माहिती’ आहे, पण जमीन विकत घेणाऱ्याशी कोणीच बोलत नाही. गाव नमुना सातमध्ये ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद अशा गोष्टी असतात. खरेदीदाराला नेमक्या त्याच हव्या असतात. मग ‘जमीन घेताय? सातबाऱ्यावरचे इतर हक्क आधी वाचा’ हा रोख सुचतो. वाचण्याची गरज तीच राहिली, माणूस बदलला. अर्थात लेखाचा बराचसा भागही त्या रकान्यालाच द्यावा लागतो, नाहीतर वाचक दुसऱ्या परिच्छेदातच परततो.

निकालात दिसणारे शीर्षक लेखकाचेच असते, असे मात्र नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षके दाखवण्याची पद्धत बदलली. पुढच्याच महिन्यात, सुमारे ८७ टक्के वेळा पानाचे मूळ शीर्षक वापरले जाते, असे त्याने सांगितले. उरलेल्या वेळी शब्द पानावरच्या मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून उचललेले असतात. म्हणून पानाच्या स्रोतात जाऊन `<title>` ही खूण तपासावी.

मोठा धोका निराळाच आहे. वरचा लेख शीर्षकामुळेच वर आहे, असे नकळत गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात जुने, नावाजलेले संकेतस्थळ आणि इतरांनी त्याला दिलेले दुवे यांचा त्यात मोठा हात असू शकतो. शिवाय यादीत नसलेला रोख कोणाला सुचलाच नाही, की लिहूनही तो चालला नाही, हे यादी सांगत नाही. यावर एक साधी तपासणी करता येते : निकालांखालचे संबंधित शोध पाहावेत. ‘इतर हक्क म्हणजे काय’सारखा प्रश्न तिथे आढळला, तर खरेदीदाराचा रोख निव्वळ लेखकाच्या कल्पनेतला नाही.