पाणीकपातीतील समन्यायी वाटप (बोरीवली)

पाणीकपातीतील समन्यायी वाटप : धरणांतला साठा घटल्यावर उरलेले पाणी ग्राहकांत वाटण्याची रीत. बोरीवलीला उर्वरित मुंबईप्रमाणेच महापालिकेच्या सात तलावांचे पाणी मिळते आणि पाऊस लांबला की शहरभर सरसकट टक्केवारीने कपात होते. 2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के कपात झाली; तलाव भरू लागल्यावर 29 जुलैला ती मागे घेतली गेली. सर्वांना एकच टक्केवारी हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. मात्र मूळ वाटाच असमान असेल, तर समान टक्केवारीने न्याय होत नाही. महापालिकेने वर्षानुवर्षे इमारतींसाठी माणशी रोज 135 लिटर आणि झोपडपट्टीसाठी 45 लिटर हा निकष लावला. 10 टक्के कपातीत इमारतीत 121.5 लिटर उरतात, तर वस्तीत 40.5. पहिल्याची गाडी धुणे थांबते, दुसऱ्याचे कपडे धुणे. दोन्हीकडे 500 माणसे धरली, तर एकूण 90,000 लिटरमधून 9,000 वाचवायचे असतात. वस्तीचे 45 लिटर अबाधित ठेवून ही सगळी बचत इमारतीकडून घेतली, तरी तिथे माणशी 117 लिटर राहतात, म्हणजे सरसकट कपातीपेक्षा फक्त साडेचार लिटर कमी. आधी किमान गरज राखावी आणि कपात त्यावरच्या वापरातून करावी, ही रीत म्हणूनच अधिक न्याय्य ठरते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे : एकाच झडपेवर इमारती आणि वस्ती दोन्ही असताना कपात वेगळी कशी करणार? आक्षेप खरा आहे, पण सरसकट कपातही कागदावरच समान असते. पाणी ठरावीक तासच येते. दाब उतरला तरी इमारतीची जमिनीखालची टाकी मिळेल ते पाणी साठवते आणि पंप ते गच्चीवर चढवतो. डोंगरउतारावरच्या किंवा जलवाहिनीच्या टोकाच्या नळाला मात्र वेळ संपेपर्यंत धार येत नाही. शेवटच्या नळावर हंडे भरायला लागणारा वेळ आणि टँकरची वाढलेली मागणी, यांवरून ही विषमता ओळखता येते. त्यावरचा उपाय असा की वस्तीच्या पुरवठ्याची वेळ कमी करू नये आणि इमारतीची कपात तिच्या मीटरच्या नोंदीवरून, माणशी वापर पाहून ठरवावी. दुसरा आक्षेप असा की अनधिकृत वस्तीला हक्काचा वाटा कसा मागता येईल? 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून अशा रहिवाशांनाही पुरवठा करण्याचे धोरण आखण्यास महापालिकेला सांगितले. त्यामुळे घराच्या वैधतेचा वाद पाण्याच्या वाट्यात आणता येत नाही. कपात जाहीर करताना टक्केवारीसोबत, ज्याहून कमी पाणी कोणालाही मिळू नये असा किमान लिटरचा आकडाही जाहीर व्हायला हवा.