'सदैव' आणि 'केव्हातरी' : दोन चिन्हांची कुळकथा

चौकातील सिग्नल चालविणाऱ्या यंत्राकडून आपण वस्तुतः दोनच गोष्टींची हमी मागत असतो. परस्परांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांवर हिरवा दिवा एकाच क्षणी कदापि लागू नये, ही पहिली. आणि ज्या रस्त्यावर वाहन येऊन उभे राहिले आहे, त्याला केव्हातरी हिरवा दिवा मिळावा, ही दुसरी. मुख्य रस्त्याला `main` आणि त्याला येऊन मिळणाऱ्या आडरस्त्याला `side` अशी नावे दिली, तर संगणकशास्त्रज्ञ या दोन हम्या पुढीलप्रमाणे लिहितात.

```
G !(main_green & side_green)
G (side_req -> F side_green)
```

यातील G म्हणजे 'सदैव' आणि F म्हणजे 'केव्हातरी'. बाकीची चिन्हे अनुक्रमे निषेध, 'आणि' व 'जर-तर' यांची आहेत. ही दोन अक्षरे संगणकशास्त्रात कोठून आली, याचे प्रचलित उत्तर एका ओळीत देता येते : न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी ती घडविली आणि अमीर प्नुएली यांनी 1977 च्या आपल्या निबंधात ती संगणकाच्या प्रोग्रामांना लावली. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अक्षरांचे कूळ सांगते, अर्थाचे सांगत नाही. प्रायर यांच्या चिन्हांचा अर्थ आणि आज प्रोग्राम तपासताना घेतला जाणारा अर्थ हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मला त्यांच्यात एका क्षणाचा फरक आढळला. आणि त्या एका क्षणाचा माग घेत गेले असता वाट ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-चौथ्या शतकांतील डायोडोरस क्रोनस नामक ग्रीक तार्किकाच्या दारी जाऊन पोहोचते, असे माझे मत आहे.

प्रायर यांची हकिकत प्रथम सांगितली पाहिजे. त्यांचे गुरू जॉन फिंडले यांनी 1941 साली कालविषयक कोड्यांवर एक निबंध लिहिला होता आणि त्यातील एका तळटीपेत जाता जाता असे सुचविले होते, की भाषेतील काळांचे नियम इतके सुव्यवस्थित आहेत की त्यांचे रीतसर गणित मांडता यावे. बारा वर्षांनंतर, 1953 मध्ये, एका रात्री प्रायर यांनी आपल्या पत्नीला जागे करून ती तळटीप वाचून दाखविली आणि असे गणित खरोखरीच रचता येईल असे सांगितले, ही आठवण त्यांच्या पत्नीनेच पुढे नमूद केली आहे. परंतु त्या सुमारास त्यांच्या टेबलावर आणखी एक दस्तऐवज होता, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे : बेन्सन मेट्स यांचा 1949 चा डायोडोरसवरील निबंध. प्रायर यांनी 1955 मध्ये लिहिलेल्या आरंभीच्या निबंधाचा विषयही डायोडोरसच्या 'शक्य' व 'अनिवार्य' या कल्पना हाच आहे.

डायोडोरसचे म्हणणे काय होते? जे आहे किंवा पुढे होणार आहे तेच शक्य. आणि जे आहे व पुढेही सदैव राहणार आहे ते अनिवार्य. शक्यता ही काळापलीकडची काही स्वतंत्र वस्तू नसून काळाच्या ओघातच तिचा निवाडा होतो, असा हा सिद्धांत होता आणि तो वादग्रस्त होता. कारण त्यानुसार जे कधीच घडणार नाही ते अशक्यच ठरते. हा वाद येथे आपल्याला सोडवायचा नाही. आपल्याला त्या व्याख्येतील 'जे आहे' हे दोन शब्द तेवढे ध्यानात ठेवायचे आहेत.

प्रायर यांनी मूलभूत चिन्हे निवडली ती मात्र निर्भेळ काळांची. P म्हणजे 'पूर्वी केव्हातरी असे होते', F म्हणजे 'पुढे केव्हातरी असे होईल', H म्हणजे 'आजवर सदैव असेच होते' आणि G म्हणजे 'यापुढे सदैव असेच राहील'. यांपैकी एकाही चिन्हात वर्तमान क्षणाला प्रवेश नाही. 'उद्या पाऊस पडेल' या वाक्यात आज पडणारा पाऊस जमेस धरला जात नाही, तसेच हे आहे. डायोडोरसचे 'शक्य' हवे असेल तर प्रायर यांना 'आता आहे किंवा F' अशी जोड द्यावी लागे.

येथे अक्षरांच्या व्युत्पत्तीचा तंटा निर्माण होतो. आजची पाठ्यपुस्तके G चा उलगडा 'ग्लोबली' असा आणि F चा 'फायनली' असा करतात. F बद्दल शंका घेण्याचे कारण नाही. भूतकाळाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर P, तसे भविष्यकाळाच्या 'फ्यूचर'चे F. G विषयी दोन पक्ष संभवतात. एक पक्ष म्हणेल, की वर्णमालेत F पुढे G आणि G पुढे H येतो, म्हणून ही अक्षरे ओळीने घेतली गेली. दुसरा पक्ष म्हणेल, की G हे 'गोइंग टु बी'मधील 'गोइंग'चे आणि H हे 'हॅज बीन'मधील 'हॅज'चे आद्याक्षर आहे. माझा कल निःसंशय दुसऱ्या पक्षाकडे आहे. कारण पहिला पक्ष भूतकाळाच्या वाट्याला H च का यावा याचे काहीच कारण देत नाही, दुसरा ते देतो. 'ग्लोबली' मात्र मूळ अर्थ असूच शकत नाही, कारण प्रायर यांचे G हे काळाच्या केवळ अर्ध्या भागाविषयी बोलते. मागचा अर्धा भाग H च्या ताब्यात आहे. संपूर्ण काळाला व्यापणारे नाव त्याला देणे गैर ठरले असते.

मग ते नाव पुढे रूढ कसे झाले? प्रोग्रामाला आरंभ असतो. त्या आरंभीच्या क्षणी उभे राहून पाहिले, तर मागे काहीच नसते आणि समग्र काळ पुढे पसरलेला असतो. तेथे 'यापुढे सदैव' आणि 'समग्र काळभर' यांत भेद उरत नाही. मात्र त्यासाठी आरंभीचा क्षण स्वतः G च्या हद्दीत असला पाहिजे. म्हणजे 'ग्लोबली' हे नाव सार्थ होण्यासाठी आधी वर्तमान क्षणाला आत घ्यावे लागते, आणि तसे घेतले की G हे प्रायर यांचे G राहत नाही, डायोडोरसचे 'अनिवार्य' होते.

हा एका क्षणाचा फरक केवळ पंडितांच्या चर्चेपुरता आहे असे कोणी समजू नये. वरील चौकातच त्याची परीक्षा घेऊ. क्षणांना 0, 1, 2 असे क्रमांक देऊ. समजा, यंत्र सुरू होताच, 0 या क्षणी, दिवे तपासण्यासाठी सर्व दिवे एकदम पेटतात. दोन्ही हिरवेही त्यात आले. 1 पासून पुढे सर्व व्यवहार सुरळीत आहे. पहिली हमी प्रायर यांच्या अर्थाने वाचली, तर 0 या क्षणी उभे राहून ती केवळ 1 पासून पुढे पाहते, आणि यंत्र निर्दोष ठरते. अपघात ज्या क्षणी होऊ शकेल तो एकच क्षण तपासणीतून निसटतो. डायोडोरसच्या अर्थाने वाचली, तर दोष तत्काळ उघड होतो.

दुसऱ्या हमीत याच्या उलट घडते. आडरस्त्यावर जमिनीत वाहन ओळखणारे साधन पुरलेले असते आणि मागणी नसेल तेव्हा सिग्नल मुख्य रस्त्याला हिरवा ठेवून स्वस्थ राहतो. अशी व्यवस्था सर्रास असते. समजा, 5 या क्षणी आडरस्त्याचा हिरवा दिवा लागलेलाच आहे आणि त्याच क्षणी एक वाहन येऊन निघून जाते. त्यानंतर त्या रस्त्याला कोणी फिरकतच नाही, आणि 6 पासून मुख्य रस्ता अखंड हिरवा राहतो. यंत्राचे वर्तन योग्यच आहे. परंतु F मधून वर्तमान वगळले, तर 5 व्या क्षणाच्या मागणीला 6 नंतर पुन्हा हिरवा दिवा हवा, तो कधीच येत नाही, आणि निर्दोष यंत्रावर ठपका येतो. एकाच चुकीने पहिल्या हमीत दोषी सुटतो आणि दुसरीत निरपराध अडकतो.

यावर एक भारदस्त आक्षेप आहे. संगणकशास्त्रज्ञांनी वर्तमानाला आत घेतले ते अशा व्यावहारिक सोयीसाठी. डायोडोरस त्यांच्या स्वप्नातही नव्हता, मग कुळाचा हक्क त्याला का द्यावा? आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्धाला मात्र चिन्हांचाच पुरावा आड येतो. झोहार मॅना आणि प्नुएली यांच्या 1992 च्या ग्रंथात 'सदैव'साठी □ आणि 'केव्हातरी'साठी ◇ ही चिन्हे आहेत. स्पिन नावाच्या तपासणी-प्रणालीत तीच `[]` आणि `<>` अशी टंकित होतात. ही चिन्हे काळाच्या तर्कशास्त्रातली नव्हेत, अनिवार्यता आणि शक्यता यांच्या तर्कशास्त्रातली आहेत. ◇ हे चिन्ह तेथे ल्यूइस आणि लँगफर्ड यांच्या 1932 च्या ग्रंथात शक्यतेसाठी वापरलेले आहे. त्या शास्त्रातील एक जुना नियम असा, की जे अनिवार्य आहे ते आहेच :

```
□p → p
```

प्रायर यांचे G हा नियम पाळत नाही. उद्यापासून सदैव पाऊस पडणार असला तरी आज तो पडत असेलच असे नाही. प्रोग्राम तपासणाऱ्याचा □ तो काटेकोर पाळतो. हीच ती कुळाची खूण. काळाला शक्यतेच्या आणि अनिवार्यतेच्या साच्यात बसविण्याचे काम डायोडोरसने केले होते आणि प्रायर यांनी ते पुनरुज्जीवित केले. तेव्हा त्या साच्याची चिन्हे काळासाठी वापरणारा, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच वारशाचा उपभोग घेत असतो.

या वारशाने आणखी एक नियम दिला, आणि तो देताना खुद्द प्रायर यांची कसोटी लागली. डायोडोरसच्या शक्यतेचे नियम म्हणजे ल्यूइस यांची S4 नावाची पद्धतीच होय, असे त्यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात मानले होते. याको हिंटिका, तसेच मायकल डमेट व जॉन लेमन यांनी दाखवून दिले, की काळ एका रेषेत वाहत असेल तर S4 अपुरी पडते. आडरस्ता केव्हातरी हिरवा होणार असेल आणि मुख्य रस्ताही केव्हातरी हिरवा होणार असेल, तर त्या दोन घटनांना क्रम असलाच पाहिजे : ही आधी, ती आधी, किंवा दोन्ही एकदम. S4 मध्ये हे सिद्ध होत नाही. काळाला फांद्या फुटू शकतात असे मानले, तर हा नियम कोसळतो, कारण दोन घटना दोन निरनिराळ्या फांद्यांवर असू शकतात. सॉल क्रिप्की यांनी शाळकरी वयात, 1958 मध्ये, प्रायर यांना पत्राने कळविलेली कल्पना हीच. संगणकशास्त्रात रेषीय काळ की शाखायुक्त काळ, हा वाद 1980 च्या सुमारास पेटला, त्याचे बीज येथे आहे.

डायोडोरसकडून आलेली एक उणीवही याच वारशात आहे. त्याच्या 'पुढे होणार' या शब्दांना मुदत नाही, आणि F लाही नाही. आडरस्त्यावरील वाहनाला लाखाव्या क्षणी हिरवा दिवा मिळाला, तरी दुसरी हमी पाळली गेली असेच ठरते. चौकात कितीही वेळ पाहत उभे राहिले, तरी ती मोडल्याचे सिद्ध करता येत नाही. तपासणी-प्रणाली ती मोडल्याचे दाखविते ते निराळ्या मार्गाने. यंत्राच्या अवस्था मोजक्या असतात. म्हणून मुख्य रस्त्यावर वाहन आले की त्याचा हिरवा दिवा लांबवावा, पुन्हा आले की पुन्हा लांबवावा, असे एक चक्र ती शोधून काढते, की ज्यात आडरस्त्याची मागणी उभीच राहते आणि यंत्र फिरून पहिल्या अवस्थेत येते. ते चक्र अनंत वेळा फिरू शकते, एवढाच पुरावा तिला पुरतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य रस्त्याच्या हिरव्या दिव्याला कमाल मर्यादा घालणे. ती घातली की चक्र तुटते आणि F खरा होतो.

तेव्हा अक्षरे प्रायर यांची, प्रोग्रामांशी सांधा प्नुएलींचा, परंतु 'सदैव' आणि 'केव्हातरी' यांचा आज रूढ असलेला अर्थ, वर्तमान क्षणासह, डायोडोरसचा, असा माझा निर्णय आहे. नवी तपासणी-प्रणाली हाती घेणाऱ्याने म्हणून सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा : येथील G मध्ये 0 हा क्षण येतो की नाही? येत असेल तर `G p -> p` हे सूत्र ती बिनतक्रार मान्य करील. न करील तर चौकाच्या दोन्ही हम्या निराळ्या शब्दांत लिहाव्या लागतील.