बालविकासाचा कालपट (वय, टप्पे आणि सिद्धांत)

मानसशास्त्राच्या पुस्तकात बालविकासाच्या प्रकरणात येणारा तक्ता. वयोगट, त्या वयात दिसणारे टप्पे आणि प्रमुख सिद्धांतकारांचे म्हणणे त्यात शेजारी-शेजारी मांडलेले असते.

| वय (वर्षे) | दिसणारे टप्पे | पियाजे | एरिक्सन |
|---|---|---|---|
| 0–1 | बसणे, रांगणे | वेदन-कारक अवस्था | विश्वास |
| 1–3 | चालणे, दोन शब्द जोडणे | 2 पासून पूर्वक्रियात्मक | स्वायत्तता |
| 3–6 | गोष्ट सांगणे, खोटाखोटा खेळ | पूर्वक्रियात्मक | पुढाकार |
| 6–12 | वाचन, हिशेब | 7 पासून मूर्त क्रियात्मक | उद्यमशीलता |

तक्त्यातले रकाने एकाच जातीचे नाहीत. मूल बसते की नाही हे डोळ्यांनी दिसते. पियाजे आणि एरिक्सन यांच्या अवस्था म्हणजे त्यामागे काय घडत असावे याविषयीचे दावे होत, आणि ते खोडता येतात. झाकलेली वस्तू तिथेच असते हे बाळाला आठव्या महिन्याच्या सुमारास कळू लागते, असे पियाजे मानत. रेने बायार्जां यांनी 1980 च्या दशकात बाळांच्या नजरेवर प्रयोग केले आणि ही समज त्याच्या निम्म्या वयातही असावी, असा पुरावा दिला. बाळ हात घालून वस्तू शोधत नाही, एवढ्यावरून त्याला ती कळतच नाही असे ठरत नाही.

टप्प्यांचे वयही ठरीव नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 सालच्या प्रमाणकांनुसार निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका रुंद आहे. काही निरोगी मुले तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा तक्ता लावताना पहिली अडचण खुद्द वयाची येते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. बाळ फडावर जन्मले असेल, तर आई कधी कधी जन्मतारखेऐवजी सण सांगते. तो सण दिनदर्शिकेत शोधून आधी तारीख लावावी आणि दिवस पूर्ण भरले होते का, हे विचारावे. समजा, 40 ऐवजी 32 व्या आठवड्यात जन्मलेले मूल आज 14 महिन्यांचे आहे आणि धरून चालते. त्यातून 8 आठवडे वजा केले की सुधारित वय साधारण 12 महिने येते. म्हणजे मूल मागे नाही. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंतच करतात. कुटुंब परगावी गेल्याने अंगणवाडीतली नोंद मध्येच तुटते, म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आईने सोबत न्यावे.

सुधारित वयाचे 18 महिने भरूनही मूल एकटे चालत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्यावे. आलेली गोष्ट मूल विसरू लागले, उदाहरणार्थ बोलत होते ते बोलेनासे झाले, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तिथे तक्ता पाहत थांबू नये.