स्व-विस्तार सिद्धान्त

स्व-विस्तार सिद्धान्त हा सामाजिक मानसशास्त्रातील एक सिद्धान्त असून तो निकटच्या नात्यांतील, विशेषतः पती-पत्नींमधील, ओढीचे स्पष्टीकरण देतो. आर्थर ॲरन आणि एलेन ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तो मांडला. जोडीदारांनी मिळून नव्या गोष्टी केल्यास नात्यातील ओसरलेला उत्साह परत येऊ शकतो, हे या सिद्धान्तातून निघालेले सर्वांत परिचित अनुमान होय.

मूळ कल्पना

आपली क्षमता, ज्ञान आणि दृष्टी वाढावी अशी प्रेरणा माणसात असते. जवळचे नाते हा अशा वाढीचा एक मोठा मार्ग आहे. गाण्याची आवड असलेल्या व्यक्तीशी विवाह झाला की जोडीदाराच्या कानावर राग पडू लागतात. तिचे मित्र, तिचे अनुभव आणि तिची विचार करण्याची रीत हळूहळू त्याच्याही 'मी'चा भाग होतात. हे सामावून घेणे मोजण्यासाठी १९९२ मध्ये एक सोपी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत दोन वर्तुळांच्या सात आकृत्या असतात. पहिल्या आकृतीतील वर्तुळे अलग असतात, तर शेवटच्या आकृतीत ती जवळजवळ एकरूप झालेली असतात. आपल्या नात्याशी जुळणारी आकृती उत्तर देणाऱ्याने निवडायची असते.

उत्साह का ओसरतो

ओळखीच्या आरंभी हा विस्तार फार वेगाने होतो आणि त्या वेगामुळेच मन उल्हसित राहते. काही वर्षांनी एकमेकांविषयीचे बहुतेक सारे ठाऊक झालेले असते. त्यामुळे भांडण नसले आणि स्नेह कायम असला, तरी विस्ताराचा वेग मंदावतो. हा कंटाळा निरुपद्रवी नसतो. अमेरिकेतील १२३ दांपत्यांच्या पाहणीत, विवाहाच्या सातव्या वर्षी ज्यांनी अधिक कंटाळा नोंदवला होता, त्यांचे वैवाहिक समाधान सोळाव्या वर्षी तुलनेने कमी आढळले. ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रायोगिक पुरावा

२००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जोडप्यांना सात मिनिटांचे एक काम देण्यात आले. दोघांचे एकेक मनगट आणि घोटा पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेला असे. त्या अवस्थेत रांगत, वाटेतील अडथळा ओलांडून, एक लांबट उशी हात किंवा दात न वापरता दोघांच्या शरीरांमध्ये धरून न्यायची आणि तीही ठरलेल्या वेळेत. तुलनेसाठी दुसऱ्या गटातील जोडप्यांना चेंडू ढकलत सावकाश रांगण्याचे नीरस काम दिले होते. कामाच्या आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतल्यावर, पहिल्या गटाचे नात्याविषयीचे समाधान दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढलेले दिसले. एका प्रयोगात दोघांचे संभाषण चित्रित करून त्रयस्थ परीक्षकांना दाखवण्यात आले. त्यांनाही पहिल्या गटाच्या बोलण्यात अधिक आपुलकी जाणवली.

त्याआधी १९९३ मध्ये ५३ विवाहित जोडप्यांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला होता. दर आठवड्याला दीड तास काही जोडप्यांनी स्वतःला 'रोमांचक' वाटणाऱ्या गोष्टी केल्या, तर काहींनी केवळ 'सुखद' वाटणाऱ्या. समाधानातील वाढ पहिल्या गटात अधिक होती. एकत्र घालवलेला वेळ तेवढाच असूनही परिणाम वेगळा झाला, हे यातील महत्त्वाचे निरीक्षण होय.

दैनंदिन उदाहरण

दर रविवारी ठरलेल्या उपाहारगृहात जेवणारे एक दांपत्य कल्पावे. तेथील पदार्थ, जागा आणि गप्पांचे विषयही ठरलेले असतात. वेळ सुखाचा जातो, पण नवे काही कळत नाही. हेच दोघे रविवारी पोहणे शिकू लागले, तर एरवी धीट असलेला पती पाण्याला बिचकतो आणि अबोल पत्नी त्याला धीर देते, असे घडू शकते. दोघांनाही परस्परांची अपरिचित बाजू दिसते, नवे कौशल्य येते आणि त्या वाढीचा आनंद जोडीदाराच्या सोबतीशी जोडला जातो. यासाठी खर्च किंवा साहस अनिवार्य नाही. अनोळखी लिपी शिकणे किंवा परसात प्रथमच भाजीचे वाफे करणे यांतूनही हा परिणाम साधू शकतो.

मर्यादा

नावीन्य सापेक्ष असते: पोहणे सरावाचे झाले की त्यातील विस्तार थांबतो. कृती फार भीतिदायक किंवा कठीण असल्यास आनंदाऐवजी ताण येतो. एकाला गती आणि दुसऱ्याला केवळ फरफट, अशी स्थिती असेल तर दुरावाही संभवतो. दुसरा सबबी सांगून टाळू लागणे हे त्याचे लक्षण मानता येईल. प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम सात मिनिटांच्या कामानंतर लगेच मोजलेला होता, त्यामुळे तो किती काळ टिकतो हे त्यावरून ठरत नाही. शिवाय अनादर, हिंसा किंवा सततचा कलह ही दुःखाची कारणे असतील, तर नवे उपक्रम त्यांवरील उपाय ठरत नाहीत. हा सिद्धान्त कंटाळ्याचे स्पष्टीकरण देतो. नात्यातील प्रत्येक दुःखाचे नव्हे.