अग्रकाल अभिनती व अतिनिदान

अग्रकाल अभिनती (लीड-टाइम बायस) आणि अतिनिदान (ओव्हरडायग्नोसिस) या रोगपरिस्थितिविज्ञानातील दोन संकल्पना आहेत. लक्षणे नसलेल्या व्यक्तींची तपासणी करून रोग लवकर शोधण्याच्या पद्धतीला चाळणी तपासणी (स्क्रीनिंग) म्हणतात. अशा तपासणीत आढळलेले रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगल्याचे दिसते. परंतु त्यावरून तपासणीमुळे मृत्यू टळले असे सिद्ध होत नाही. निदानाची तारीख मागे सरकल्यामुळे जगण्याचा काळ वाढल्याचा जो भास होतो, त्यास अग्रकाल अभिनती म्हणतात. ज्या रोगाने रुग्णाला हयातीत कधीच त्रास झाला नसता, अशा रोगाचे निदान होणे म्हणजे अतिनिदान होय.

== अग्रकाल अभिनती ==

कर्करोगाच्या उपचारांचे यश बहुधा 'पाच वर्षांच्या जीवितता दरा'ने सांगितले जाते. निदान झालेल्या रुग्णांपैकी शेकडा किती जण पाच वर्षांनंतर हयात आहेत, हे या दराने कळते. या मोजणीची सुरुवात रोगाच्या उगमापासून होत नाही, तर निदानाच्या दिवसापासून होते.

समजा, एका व्यक्तीला वयाच्या ६४व्या वर्षी खोकल्यातून रक्त पडू लागले, फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि ६६व्या वर्षी मृत्यू आला. निदानानंतरचे आयुष्य दोन वर्षांचे. पाच वर्षांच्या गणनेत ही व्यक्ती 'मृत' धरली जाईल. आता त्याच व्यक्तीचा तोच रोग चाळणी तपासणीत ६०व्या वर्षीच आढळला, पण उपचारांनी त्याची गती बदलली नाही आणि मृत्यू ६६व्या वर्षीच आला, असे मानू. निदानानंतरचे आयुष्य आता सहा वर्षे भरते आणि हीच व्यक्ती 'पाच वर्षे जगलेली' ठरते. मृत्यूचे वय मात्र दोन्ही वेळा एकच आहे. मधली चार वर्षे हा अग्रकाल होय. या व्यक्तीच्या आयुष्यात भर पडली नाही. ती रुग्ण म्हणून अधिक काळ जगली, इतकेच.

== अतिनिदान ==

सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारख्या दिसणाऱ्या सर्वच गाठी सारख्या वेगाने वाढत नाहीत. काही इतक्या मंद असतात की, रुग्ण दुसऱ्याच कारणाने दगावेपर्यंत त्या मूकच राहतात. चाळणी तपासणीत अशा गाठीही सापडतात.

त्यांचा जीवितता दरावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. १०० रुग्णांपैकी ८० जण पाच वर्षांत दगावले, तर जीवितता दर २० टक्के होतो. तपासणीमुळे निरुपद्रवी गाठी असलेले आणखी १०० जण या यादीत आले आणि ते सर्व जगले, तर २०० पैकी १२० जण हयात, म्हणजे दर ६० टक्के होतो. दर तिप्पट झाला. मृतांची संख्या पूर्वीप्रमाणे ८०च राहिली.

अतिनिदान झालेली व्यक्ती वैयक्तिक पातळीवर ओळखता येत नाही. निदान झालेल्या बहुतेकांवर उपचार होतात आणि उपचारांनंतर रुग्ण बरा राहिला, तर तो उपचारांमुळे वाचला की त्याला मुळात धोकाच नव्हता, हे सांगता येत नाही. म्हणून अतिनिदानाचा अंदाज लोकसमूहांच्या तुलनेतूनच बांधावा लागतो.

== मेयो फुप्फुस प्रकल्प ==

या दोन्ही संकल्पनांचे अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचा फुप्फुस प्रकल्प. त्यात १९७१ ते १९८३ या काळात खूप धूम्रपान करणाऱ्या ९,२११ पुरुषांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाची दर चार महिन्यांनी, सहा वर्षांपर्यंत, छातीची क्ष-किरण व थुंकीची तपासणी होत असे. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा तपासणी करून घेण्याचा केवळ सल्ला दिला होता.

प्रकल्पाच्या अखेरीस तपासणी गटात २०६ आणि तुलना गटात १६० कर्करोग आढळले होते. पाच वर्षांचा जीवितता दर तपासणी गटात सुमारे ३५ टक्के, तर तुलना गटात सुमारे १५ टक्के होता. एवढ्यावरून तपासणी यशस्वी म्हणता आली असती. परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी गटात १२२ आणि तुलना गटात ११५ होते. दोन्ही गट जवळजवळ समान आकाराचे असल्यामुळे ही तुलना सरळ आहे. जीवितता दर दुपटीहून अधिक झाला, मृत्यू मात्र घटले नाहीत.

तपासणी गटातील ४६ जादा कर्करोगांचा अर्थ दोन प्रकारे लावता येत होता. ते केवळ अग्रकालामुळे आधी सापडले असतील, तर तपासणी थांबल्यावर तुलना गटातही तितकेच कर्करोग यथावकाश लक्षणांनिशी प्रकट व्हायला हवे होते. ते अतिनिदान असेल, तर हा फरक कायम राहायला हवा होता. म्हणून दोन्ही गटांचा पुढेही दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. तेव्हा तपासणी गटात ५८५ व तुलना गटात ५०० कर्करोगांची नोंद मिळाली. म्हणजे फरक भरून निघाला नाही. १९९६ अखेरपर्यंतचे मृत्यू अनुक्रमे ३३७ व ३०३ होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता, पण तपासणीमुळे मृत्यू घटल्याचे त्यातून दिसत नाही.

या प्रकल्पाची एक मर्यादाही आहे. तुलना गटातील अनेकांनी स्वतःहून क्ष-किरण तपासणी करून घेतल्याने दोन गटांतील अंतर काहीसे पुसट झाले.

== दक्षिण कोरियातील थायरॉइड कर्करोग ==

दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात थायरॉइडचा समावेश नव्हता, तथापि अनेक रुग्णालये अल्प जादा शुल्कात मानेची सोनोग्राफी करून देत. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र स्थिर राहिले. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्यात आली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णाला आयुष्यभर संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. काहींच्या परावटू ग्रंथींना किंवा स्वरतंतूंच्या चेतांनाही इजा झाली. २०१४ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने या तपासणीविरुद्ध जाहीर आवाहन केल्यावर शस्त्रक्रियांची संख्या लक्षणीयरीत्या घटली.

== योग्य मोजमाप ==

या दोन्ही दोषांपासून मुक्त असणारे मोजमाप म्हणजे मृत्युदर. त्याचा छेद 'निदान झालेले रुग्ण' हा नसून यादृच्छिक विभागणीने गटात आलेल्या सर्व व्यक्ती हा असतो. त्यामुळे निदानाची तारीख मागे गेली किंवा रुग्णांची यादी वाढली, तरी हा दर आपोआप सुधारत नाही.

या कसोटीला काही तपासण्या उतरल्या आहेत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला अॅसिटिक आम्ल लावून नजरेने पाहणी केली. तपासणी गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेत ५३,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या व आजी-माजी धूम्रपींवर झालेल्या चाचणीत, अल्प मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मृत्युदर घटवणाऱ्या तपासणीतही काही प्रमाणात अतिनिदान होऊ शकते. अशा वेळी टळलेले मृत्यू आणि अनावश्यक उपचार घ्यावे लागलेल्या व्यक्ती, या दोन्ही संख्या शेजारी ठेवूनच तपासणीचे मूल्यमापन केले जाते.