चमच्यावरचे पाणी आणि दोन अग्रांची नावे

आमच्या नागपुरात इतवारीच्या सराफा बाजारात दागिन्यावर ‘पाणी चढवणे’ हा शब्द अगदी रुळलेला आहे. पाणी म्हणजे अर्थात धातूचा पातळ थर. तो विजेच्या साह्याने चढवला, की पुस्तकात त्याला विद्युत विलेपन म्हणतात. आज मी सांगणार आहे तो इतिहास या थराचा आहे, आणि त्याहून अधिक त्याच्याशी जोडलेल्या दोन नावांचा. धनाग्र आणि ऋणाग्र ही ती दोन नावे. त्यांच्यापायी माझ्या एका विद्यार्थ्याने घरचा चांगला पितळी चमचा घालवला, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

काम साधं होतं. पितळी चमच्यावर तांब्याचा थर द्यायचा. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी, त्यात सुमारे २०० ग्रॅम मोरचूद, आणि वर हळूहळू सोडलेले तीसेक मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. (आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही.) एका बाजूला तांब्याची पट्टी, दुसऱ्या बाजूला चमचा. ‘चमचा ऋणाग्र असतो,’ एवढं त्याला पाठ होतं. पण ऋणाग्र बॅटरीच्या कोणत्या टोकाला जोडायचं? त्याने पुस्तकातला टॉर्चच्या घटाचा धडा पाहिला. तिथे इंग्रजी कॅथोड, म्हणजे आपले ऋणाग्र, धन टोकाशी दाखवले होते. म्हणून त्याने चमचा धन टोकाला जोडला आणि रात्रभर ठेवून दिला. सकाळी चमच्याचा तजेला गेलेला, अंगावर खड्डे, आणि तांब्याची पट्टी मात्र जाड झालेली! मुलगा मला म्हणाला, “सर, पुस्तक चुकलं की मी?” मी म्हटलं, “बाबा, पुस्तक बरोबर आहे. घोटाळा नावाचा आहे, आणि तो समजायला १८३४ सालात जावं लागेल.”

त्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडे विजेने द्रव पदार्थांचे विघटन कसे होते याचा अभ्यास करीत होता. दोन तारा जिथे द्रवात शिरतात त्या जागांना तोवर ‘ध्रुव’ म्हणत. फॅरडेला हा शब्द खटकत असे. ध्रुव म्हटले की लोहचुंबकासारखी ओढ मनात येते, आणि द्रवातले काम अशा ओढीने होत नाही असे त्याचे मत होते. त्याने केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएल या पंडिताला पत्र लिहून नवे शब्द मागितले. व्ह्यूएलने ग्रीक भाषेतून दोन शब्द सुचविले. अ‍ॅनोड म्हणजे वर जाण्याची वाट आणि कॅथोड म्हणजे खाली उतरण्याची वाट. कल्पना सूर्याची होती. द्रवातला प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो असे मानले, तर तो जिथून द्रवात शिरतो ती सूर्योदयाची बाजू, म्हणजे अ‍ॅनोड. जिथून बाहेर पडतो ती मावळतीची बाजू, म्हणजे कॅथोड.

नीट लक्ष द्या. या नावांत धन-ऋण कुठेच नाही. प्रवाह द्रवात कोणत्या दाराने शिरला आणि कोणत्या दाराने बाहेर पडला, एवढेच ती सांगतात. आपल्या मराठीत मात्र त्यांचे रूप धनाग्र आणि ऋणाग्र असे ठरले. विलेपनाच्या भांड्यापुरते ते अगदी चपखल बसते. बाहेरच्या बॅटरीचे धन टोक तांब्याच्या पट्टीला जोडलेले असते, प्रवाह पट्टीतून द्रवात शिरतो, म्हणून पट्टी धनाग्र. तो चमच्यातून बाहेर पडतो, म्हणून चमचा ऋणाग्र. पण टॉर्चच्या घटात प्रवाह जस्ताच्या डबीतून आतल्या लगद्यात शिरतो. म्हणून जस्त हे अ‍ॅनोड, आणि तरी घटाचे ते ऋण टोक! तिथे ‘धनाग्र’ म्हणणे म्हणजे उजव्याला डावा म्हणण्यासारखे होते. माझा विद्यार्थी नेमका याच वळणावर चुकला.

मग न चुकणारी खूण कोणती? अ‍ॅनोडवर पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, कॅथोडवर पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो. तांब्याची पट्टी इलेक्ट्रॉन देऊन विरघळते. द्रवातले तांब्याचे आयन चमच्यावर इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू होतात. जेवढे तांबे पट्टीवरून जाते तेवढे चमच्यावर बसते, म्हणून मोरचुदाचा निळा रंग फिका होत नाही. पट्टीऐवजी कार्बनची कांडी लावा. तिथे ऑक्सिजनचे बुडबुडे येतील आणि निळेपणा हळूहळू उतरेल.

किती तांबे बसेल, हेही फॅरडेच्या नियमाने काढता येते. एकदशांश अँपिअर प्रवाह एक तास दिला, तर सुमारे १२० मिलिग्रॅम तांबे चढते. लहान चमच्याची दोन्ही अंगे मिळून ३० चौरस सेंटिमीटर धरली, तर थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेचारपट होतो. डोळ्यांना भरपूर, पण घासायला अगदी थोडा! घाईने प्रवाह वाढवला तर तांबे चमकदार बसत नाही. ते काळपट, भुकटीसारखे होते आणि बोटाने निघते. कारागीर याला ‘जळालं’ म्हणतात. लोखंडी चमचा घेतला तर वीज न देताच त्यावर तांबडा थर येतो. तो मात्र फसवा असतो, कारण लोखंड विरघळून तांबे सुटे बसलेले असते.

चांदीचे गणित याच जातीचे आहे. तेवढ्याच विजेत ती सुमारे ४०० मिलिग्रॅम चढते, कारण चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन पुरतो, तांब्याच्या आयनाला दोन लागतात. पण नुसत्या सिल्व्हर नायट्रेटमधून ती खडबडीत, सुईसारख्या स्फटिकांत बसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी १८४० साली, जॉन राइट या शल्यवैद्याच्या शोधाच्या आधारे, पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाचे पेटंट घेतले, तेव्हा चांदीचा गुळगुळीत थर शक्य झाला. सायनाइड चांदीला घट्ट धरून ठेवते आणि थोडी थोडी सोडते. पण ते जहाल विष आहे, आणि आम्लाशी मिळाले की विषारी वायू सुटतो. म्हणून चांदीचा हा प्रयोग घरी करायचा नाही.

आता शेवटची गोष्ट आपल्या विदर्भातली. नागपुरात मुख्य कार्यालय असलेल्या मॉइल या मँगनीज कंपनीने भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज डायऑक्साइड विजेने बनवण्याचा कारखाना उभारला. तिथे हवा असलेला माल कॅथोडवर बसत नाही, अ‍ॅनोडवर बसतो! द्रवातला मँगनीजचा आयन तिथे इलेक्ट्रॉन देतो आणि डायऑक्साइड होऊन चिकटतो. हा पदार्थ पुढे कोरड्या घटात जातो, आणि तिथे तोच कॅथोडचे काम करतो. एकच वस्तू कारखान्यात एका दारी जन्मते आणि टॉर्चमध्ये दुसऱ्या दारी उभी राहते.

म्हणून ‘धातू नेहमी ऋणाग्रावर, ऋणाग्र नेहमी ऋण टोकाला’ एवढे पाठ करून थांबू नका. तारा जोडण्यापूर्वी एकच विचारा: प्रवाह द्रवात कुठून शिरतो? माझ्या विद्यार्थ्याने दुसरा चमचा आणला तेव्हा त्याने मला काही विचारले नाही. बोटाने प्रवाहाची वाट दाखवली, तारा जोडल्या, आणि तासाभरात चमचा तांबूस झाला.