५० केबी म्हणजे क्वालिटी किती?

नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरताना 'फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा' ही ओळ कुठे ना कुठे भेटतेच. मग क्वालिटी ८० करून बघा, ७० करून बघा, पुन्हा अपलोड, पुन्हा लाल अक्षरं. मला नेहमी प्रश्न पडायचा, की सॉफ्टवेअरला सरळ '५० केबीत बसव' असं का सांगता येत नाही? उत्तर जेपेगच्या इतिहासात आहे.

सुरुवात नासिर अहमद यांच्यापासून. मूळचे बंगळूरचे, अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवायचे. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. गड्याने काम तरीही केलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत पेपर छापला. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले, तर त्यांचं गणित प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे करून देतं. पहिला आकडा म्हणजे साधारण सरासरी उजेड, पुढचे म्हणजे बारीक होत जाणारे तपशील. फार बारीक तपशील गाळले तर डोळ्याला सहसा कळत नाही.

१९९२ च्या जेपेग स्टँडर्डने हेच उचललं. प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या संख्येने भागायचं आणि पूर्णांक करायचा. स्टँडर्डच्या परिशिष्टात नमुन्याचा तक्ता आहे, त्यात पहिली संख्या १६ आणि शेवटची ९९. भागाकारात बरेच आकडे शून्य होतात, आणि उरलेलं हफमन कोडने घट्ट बांधलं जातं. शून्यं किती होणार हे मात्र चित्रावर अवलंबून. कोऱ्या भिंतीपुढचा माणूस लहान फाइलमध्ये मावतो, चौकटीचा शर्ट घातलेला नाही. म्हणजे साइझ कळते ती बांधून झाल्यावरच!

आता गंमत अशी, की क्वालिटीचा आकडा स्टँडर्डमध्ये नाहीच. तो रूढ केला लिबजेपेग या फुकट लायब्ररीने, जिची पहिली आवृत्ती टॉम लेन आणि मंडळींनी ऑक्टोबर १९९१ मध्ये काढली. तिथलं सूत्र एका ओळीचं आहे:

```
scale = (q < 50) ? 5000/q : 200 - 2*q;
```

हा scale म्हणजे तक्त्याचे किती टक्के घ्यायचे ते. क्वालिटी ५० ला तक्ता जसाच्या तसा, ७५ ला निम्मा, २५ ला दुप्पट. त्यामुळे '७५' म्हणजे ७५ टक्के चित्र उरलं असं अजिबात नाही. फोटोशॉपची ० ते १२ ही पट्टी तर वेगळीच.

तेव्हा उपाय एकच, करून बघणं. पण एकेक आकडा उतरत जायची गरज नाही, दर वेळी उरलेल्या पल्ल्याचा मध्य घ्यायचा. भावाच्या ६०० बाय ८०० च्या फोटोवर हे केलं. ५० ला ४१ केबी, बसला. ७५ ला ६२, नाही. ६२ ला ४८, बसला. ६८ ला ५३, नाही. ६५ ला ५० च्या जरासं वर. ६३ बसला, ६४ पण बसला. सात फेऱ्यांत ६४ हे उत्तर. मात्र प्रत्येक फेरी मूळ फोटोपासूनच सुरू करायची, आधीच्या फेरीच्या फाइलवर नाही, नाहीतर खराबी साचत जाते.

इमेजमॅजिकमध्ये हा शोध तयारच आहे:

```
magick in.jpg -auto-orient -resize 600x800 -strip -define jpeg:extent=50KB out.jpg
```

-strip फोटोत दडलेली कॅमेऱ्याची माहिती आणि छोटा थंबनेल काढतो. क्वालिटी कितीही उतरवली तरी हे ओझं हलत नाही. पण फोटो आडवा की उभा हेही त्याच माहितीत असतं, म्हणून आधी -auto-orient, नाहीतर फॉर्मवर तुम्ही आडवे पडलेले दिसाल.

आणि -resize का? मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो घ्या. साध्या जेपेगमध्ये, रंग नेहमीप्रमाणे निम्म्या बारकाईने साठवले, तर १६ बाय १६ ठिपक्यांच्या एका गटात उजेडाचे चार आणि रंगाचे दोन चौकोन येतात. स्टँडर्डच्या नमुना-कोडने उजेडाच्या पूर्ण रिकाम्या चौकोनालाही ६ बिट लागतात, रंगाच्या चौकोनाला ४. बेरीज ३२ बिट, म्हणजे ४ बाइट. असे गट ४७,०००. म्हणजे पूर्ण कोरा पांढरा फोटोसुद्धा १,८८,००० बाइटच्या खाली जात नाही. कोड खास त्या चित्रासाठी बेतले तर बरंच खाली जाता येतं, पण चेहरा असलेल्या फोटोला ५० केबीत बसवायला आधी ठिपकेच कमी करावे लागतात. शोध क्वालिटी ५ वर जाऊन थांबला आणि गालांवर चौकोन दिसायला लागले, तर समजा, -resize राहिलंय.